मीटरवर 12.6 आणि तरी इन्व्हर्टरची बीप: बॅटरीचा अंतर्गत रोध घरी कसा काढावा

प्रश्न: इंदूरला सुदामानगरात राहतो. 150 एएचची ट्यूब्युलर बॅटरी आहे, चार वर्षं झाली. मल्टिमीटर लावला की 12.6 व्होल्ट दाखवतो, म्हणजे फुल्ल. पण लाईट गेली की पंधरा मिनिटांत इन्व्हर्टर बीप करायला लागतो, आणि लाईट आली की तासाभरात चार्जिंग पूर्ण झाल्याचा दिवा लागतो. दुकानदार म्हणतो नवी घ्या. बारावीतली मुलगी म्हणते, "बाबा, दोन रीडिंग घ्या आणि अंतर्गत रोध काढा." खरंच घरी काढता येतो का? आणि लोड लावल्यावरच व्होल्टेज का पडतं?

उत्तर:

मुलीचं ऐका. मी सव्वीस वर्षं इंदुरात इन्व्हर्टर आणि बॅटऱ्यांचं काम करतोय, आणि "मीटर तर 12.6 दाखवतोय" हे वाक्य उन्हाळ्यात रोज एकदा तरी कानावर पडतं. मीटर खोटं बोलत नाही. फक्त आपण त्याला एक विचारतो आणि उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं धरून बसतो.

साधा डिजिटल मल्टिमीटर व्होल्टेज मोजताना बॅटरीतून जवळजवळ काहीच घेत नाही. त्याचा स्वतःचा रोध साधारण 10 मेगाओहम असतो, म्हणजे 12.6 व्होल्टच्या बॅटरीतून तो सव्वा मायक्रोअँपिअर ओढतो. तुमचा पंखा आणि दोन दिवे इन्व्हर्टरमार्फत त्याच बॅटरीतून 10-11 अँपिअर ओढतात, जवळपास नव्वद लाख पट जास्त. आपल्याकडे नर्मदेचं पाणी येतं तेव्हा नळ बंद ठेवून दाब पाहिला, तर क्षारांनी अर्धी बुजलेली पाइपलाइनही पूर्ण दाब दाखवते. नळ सोडला की धार करंगळीएवढी. बुजलेपण वाहत्या पाण्यातच कळतं, बॅटरीचं दुखणं वाहत्या करंटमध्येच कळतं.

आता व्होल्टेज पडतं का, ते पाहू. 12 व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल एकापुढे एक जोडलेले असतात. बाहेर लोड लावला की जो करंट बल्बातून जातो, तोच बॅटरीच्या आतूनही जातो: शिशाचे पोल, सेल जोडणाऱ्या पट्ट्या, प्लेटच्या जाळ्या, प्लेटवरचं मटेरियल, सेपरेटरची छिद्रं आणि आम्ल या सगळ्यांतून. यातल्या प्रत्येकाचा थोडा थोडा रोध आहे, आणि करंट जायला लागताच त्या प्रत्येकावर थोडं थोडं व्होल्टेज खर्च होतं. बॅटरीची रासायनिक क्रिया जेवढं देते त्यातून हा घरचा खर्च वजा होतो आणि उरलेलं बाहेरच्या टोकांवर मिळतं:

```
V = E − I × r
```

E म्हणजे बॅटरीचं विद्युतचालक बल, r म्हणजे अंतर्गत रोध. मध्य प्रदेश बोर्डाच्या हिंदी पुस्तकात मुलीला हेच 'विद्युत वाहक बल' आणि 'आंतरिक प्रतिरोध' या नावांनी भेटेल. I शून्य असेल तर V आणि E सारखेच. म्हणूनच नुसता मीटर लावल्यावर म्हातारी बॅटरीही तरुण दिसते.

पुस्तकात r हा बॅटरीच्या पोटात बसवलेला एक ठरावीक रेझिस्टर असल्यासारखा काढतात. प्रत्यक्षात तसं नाही, आणि मोजताना लोकांची गल्लत इथेच होते. धातू आणि आम्लाच्या रोधामुळे होणारी घट लोड लावल्याक्षणी दिसते. पण प्लेटच्या बारीक छिद्रांतलं आम्ल क्रियेत वापरलं जातं, त्या जागी पाणी तयार होतं, आणि बाहेरचं ताजं आम्ल आत झिरपायला वेळ लागतो. त्यामुळे व्होल्टेज आधी झटकन पडतं आणि मग सेकंदामागून सेकंद हळूहळू खाली सरकत राहतं. शिवाय क्रिया सुरू ठेवण्याचा एक खर्च असा आहे की तो थोड्या करंटलाही बराच लागतो आणि पुढे करंटच्या प्रमाणात वाढत नाही. म्हणजे तुम्ही काढाल तो r हा त्या करंटच्या टप्प्यातला, तेवढ्या सेकंदांतला आकडा असेल. तो उपयोगी आहेच, पण दर वेळी एकाच पद्धतीने मोजला तर.

चार वर्षांत हा r का वाढतो? प्लेटवर शिसं-सल्फेटचे कडक खडे जमतात, ते करंट नेत नाहीत. धन प्लेटचा शिशाचा सांगाडा गंजून बारीक होतो. वेळेवर डिस्टिल्ड वॉटर घातलं नाही तर प्लेटचा वरचा भाग उघडा पडून सुकतो, आणि तेवढी प्लेट कामातून जाते. शेवटचं कारण आपल्याकडे मे महिन्यात फार.

आता मोजमाप. मल्टिमीटर ओहमवर ठेवून बॅटरीच्या टोकांना लावू नका. ओहमची रेंज स्वतःचा बारीकसा करंट सोडून रोध मोजते, समोर 12 व्होल्ट बसलेले असले की आकडा निरर्थक येतो, आणि मीटरही जाऊ शकतो. आपल्याला E आणि r दोन्ही माहीत नाहीत, म्हणून दोन समीकरणं हवीत, म्हणजेच दोन वेगवेगळ्या करंटला घेतलेली दोन रीडिंग. एकातून दुसरं वजा केलं की E निघून जातो:

```
r = (V1 − V2) / (I2 − I1)
```

तुम्ही म्हणाल, 12.6 हे एक रीडिंग हाताशी आहेच, आता लोड लावून दुसरं घेतो. मी तसं करत नाही. चार्जिंगनंतर प्लेटच्या पृष्ठभागावर जो वरवरचा चार्ज असतो, त्यामुळे विश्रांतीतलं व्होल्टेज काही तास फुगलेलं राहतं. शिवाय वर सांगितलेला तो थोड्या करंटलाही लागणारा खर्च या पद्धतीत r मध्ये मिसळतो आणि आकडा वाढवून दाखवतो. म्हणून दोन्ही रीडिंग लोडवरचीच: एक हलक्या लोडवर, दुसरं भारी लोडवर.

आणि दोन्हींतला फरक चांगला मोठा हवा. चांगल्या 150 एएच बॅटरीचा r माझ्या मापात साधारण 5 ते 8 मिलिओहम येतो. समजा 6 आहे आणि तुम्ही मोटारीच्या हेडलाइटचा एकच बल्ब लावून 5 अँपिअरचा फरक पाडलात. व्होल्टेज पडेल 0.03 व्होल्ट. तुमचा मीटर 20 व्होल्टच्या रेंजवर 0.01 पर्यंतच दाखवतो, तेव्हा शेवटचा आकडा एकाने इकडेतिकडे झाला तरी उत्तर 4 ते 8 मिलिओहमच्या मध्ये कुठेही पडेल. तेच 30 अँपिअरचा फरक पाडला तर 0.18 व्होल्ट पडतात, आणि शेवटच्या आकड्याची चूक पाच-सहा टक्क्यांत राहते. महागडा मीटर घेण्यापेक्षा करंटचा फरक वाढवणं स्वस्त पडतं.

एवढा करंट कुठून आणायचा? तुमचा इन्व्हर्टर आहेच. मी एका लाकडी फळीवर चार होल्डर ठोकून त्यात जुने 100 वॅटचे पिवळे बल्ब लावलेत. आमच्या घरी तिला 'लग्नाची माळ' म्हणतात. 100 वॅटचा एक बल्ब इन्व्हर्टरमार्फत बॅटरीतून साधारण 10 अँपिअर ओढतो. लोड बल्बचाच ठेवा; मिक्सर, फ्रिज यांचा करंट सुरुवातीला उसळतो आणि नंतर खाली येतो, त्यावर रीडिंग धरता येत नाही.

करंट मोजायला क्लॅम्प मीटर लागेल, आणि इथे भले भले फसतात. महाराणी रोडवर स्वस्तात मिळणारे बरेच क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट मोजतात. बॅटरीच्या केबलला डीसी क्लॅम्पच हवा, आणि केबल त्यात अडकवण्याआधी शून्याचं बटण दाबायचं. मल्टिमीटरच्या 10 अँपिअरच्या भोकातून 40 अँपिअर नेण्याचं धाडस करू नका, फ्यूज उडेल. त्या भोकाला फ्यूज नसेल तर मीटरच जळेल. डीसी क्लॅम्प नसेल तर 50 अँपिअर-75 मिलिव्होल्टचा शंट बॅटरीच्या ऋण केबलमध्ये बसवा. त्याच्यावरचे मिलिव्होल्ट दीडने भागले की अँपिअर मिळतात.

आता तुमच्यासारखीच एक केस सांगतो. गेल्या उन्हाळ्यात लोकमान्यनगरात एका काकांकडे गेलो होतो. बॅटरी 150 एएच, वय साडेचार वर्षं, विश्रांतीत 12.63 व्होल्ट. मेन्स बंद केला, म्हणजे चार्जर बाजूला. पंखा आणि दोन एलईडी दिवे पाच मिनिटं चालू दिले, जेणेकरून तो वरवरचा चार्ज उतरावा. मग मीटरची टोकं बॅटरीच्या शिशाच्या पोलवर दाबून धरली आणि वाचलं: 11 अँपिअर, 12.28 व्होल्ट. माळेतले तीन बल्ब लावले, पाच सेकंद मोजून दोन्ही मीटर एकदमच वाचले: 42 अँपिअर, 11.66 व्होल्ट. बल्ब काढले, पुन्हा पाच सेकंदांनी: 11 अँपिअर, 12.26 व्होल्ट.

हे तिसरं रीडिंग मुलीच्या पुस्तकात नसेल, पण मी ते कधी चुकवत नाही. मधल्या वेळात बॅटरी थोडी उतरते, आतलं आम्ल थोडं विरळ होतं. आधीचं आणि नंतरचं हलक्या लोडचं व्होल्टेज यांची सरासरी घेतली की ती घसरण बऱ्यापैकी निघून जाते. इथे सरासरी 12.27. मग:

```
r = (12.27 − 11.66) / (42 − 11) = 0.61 / 31 = 0.0197 ओहम
E = 12.27 + 11 × 0.0197 = 12.49 व्होल्ट
```

जवळजवळ 20 मिलिओहम, म्हणजे चांगल्या बॅटरीच्या तिप्पट. E ही 12.49 आला, विश्रांतीतल्या 12.63 पेक्षा कमी. यात गणिताची चूक नाही. वरवरचा चार्ज आणि तो करंटला न जुमानणारा खर्च या दोन्हींचं मिळून ते अंतर आहे. लोडवरचा अंदाज बांधायला 12.49 च घ्यायचा.

आता हा आकडा काय सांगतो ते बघा. काकूंनी मिक्सर लावला की बॅटरीतून क्षणभर 85 अँपिअर जात होते. 12.49 मधून 85 गुणिले 0.0197, म्हणजे 1.67 व्होल्ट वजा केले तर उरले 10.82. त्यांच्या इन्व्हर्टरची बीप 10.8 च्या आसपास वाजते. म्हणजे बॅटरी भरलेली असतानाच ती उंबरठ्यावर उभी होती. दहा-पंधरा मिनिटांत E जरासा उतरला की ओरडायला सुरुवात. 42 अँपिअरला बॅटरीच्या पोटात 35 वॅट नुसती उष्णता होत होती. नवी बॅटरी बसवल्यावर त्याच माळेवर तपासलं तेव्हा r 6 मिलिओहम आला आणि ती उष्णता 11 वॅटवर आली.

तुमच्या 'तासाभरात फुल्ल'चाही अर्थ यातच आहे. चार्जिंगमध्ये करंट उलट वाहतो, म्हणून तिथे तोच खर्च E मध्ये मिळवला जातो: V = E + I × r. 15 अँपिअरने चार्ज होताना 20 मिलिओहमवर 0.3 व्होल्ट जास्तीचे दिसतात, आणि सल्फेट धरलेल्या प्लेटवर याहूनही बरंच जास्त. चार्जर बिचारा टोकांवरचं व्होल्टेजच बघतो. ते ठरलेल्या आकड्याला लवकर पोचलं की तो समजतो काम झालं, आणि करंट कमी करून दिवा लावतो. बॅटरी मात्र भरलेलीच नसते. लवकर 'भरणारी' आणि लवकर उतरणारी, ही दोन्ही एकाच दुखण्याची लक्षणं आहेत.

पण थांबा. नवीन बॅटरीचे पैसे मोजण्याआधी एक तपासणी उरते, आणि तीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मी मीटरची टोकं पोलवर दाबली असं वर लिहिलं, केबलच्या क्लॅम्पवर नाही. क्लॅम्प आणि पोल यांच्यामध्ये पांढरी-हिरवी बुरशी साचते, आणि तिचा रोध बॅटरीच्या रोधाहून कितीतरी जास्त असू शकतो. स्नेहलतागंजात एका दवाखान्यात दुसऱ्या एका मेकॅनिकने बॅटरी 'गेली' म्हणून सांगितलं होतं. 40 अँपिअरला इन्व्हर्टरच्या टोकांवर 11.1 व्होल्ट होते, बॅटरीच्या पोलवर 11.9. मधले 0.8 व्होल्ट केबल आणि क्लॅम्पमध्येच जात होते: 20 मिलिओहम, आणि 32 वॅट उष्णता. क्लॅम्पला बोट लावलं तर चटका बसला. गरम पाणी आणि खाण्याचा सोडा वापरून घासलं, नट आवळले, पेट्रोलियम जेली लावली. बॅटरी तीच, बीप बंद. त्या मेकॅनिकने क्लॅम्पवर मीटर ठेवला होता, इतकंच. म्हणून भारी लोड चालू असताना एक टोक पोलवर आणि दुसरं त्याच बाजूच्या क्लॅम्पवर ठेवून बघा. तिथे 0.05 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आधी साफसफाई.

r जास्त आला आणि क्लॅम्प स्वच्छ असतील, तर हायड्रोमीटरने सहाही सेलमधल्या आम्लाची घनता तपासा. सेल एकापुढे एक असल्यामुळे सहांचे रोध बेरजेत येतात, आणि एकच सेल सगळ्यांना बुडवू शकतो. लोकमान्यनगरच्या त्या बॅटरीत पाच सेल 1.23 च्या आसपास होते, तिसरा 1.13. असा एखादाच मागे असेल तर बॅटरी बदलण्याला पर्याय नसतो. सहाही सारखेच खाली असतील, 1.18 वगैरे, तर डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघून, चार्जर नीट आहे याची खात्री करून, पूर्ण चार्ज देऊन पुन्हा मोजा. एक-दोनदा r 15 वरून 10 वर आलेला मी पाहिला आहे. नेहमी येतोच असं नाही.

या पद्धतीची मर्यादाही ऐकून ठेवा. मिलिओहमवरून एएच कळत नाहीत. r ठीक असूनही क्षमता अर्धी झालेल्या बॅटऱ्या असतात, त्यांना घड्याळ लावून ठरावीक लोडवर उतरवूनच पाहावं लागतं. थंडीत आम्ल जड होतं आणि r वाढतो, म्हणून जानेवारीचं माप मेच्या मापाशी ताडू नका. बॅटरी अर्धी उतरलेली असतानाही तो जास्त येतो. तुमची बॅटरी नवी असताना तिचा r किती होता हे तुम्हाला माहीत नाही, म्हणून माझ्या 5-8 वर फार घट्ट बसू नका. 9-10 आला तर मी म्हणेन अजून वर्षभर चालवा. 15 च्या वर आला, क्लॅम्प स्वच्छ असले, आणि पूर्ण चार्ज देऊनही उतरला नाही, तर दुकानदार बरोबर बोलतोय.

मोजायला बसण्याआधी हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा आणि खिडकी उघडा. 6 मिलिओहमच्या बॅटरीच्या दोन्ही पोलांवर पाना पडला तर 12.5 भागिले 0.006, म्हणजे दोन हजार अँपिअर जाऊ शकतात. पाना लाल होतो आणि चार्जिंगमध्ये साचलेला हायड्रोजन पेट घेऊ शकतो. बल्ब लावणं-काढणं इन्व्हर्टरच्या सॉकेटवरूनच करा, बॅटरीच्या पोलवर ठिणगी पाडू नका. एक जण मीटर धरेल, एक जण आकडे लिहील. मुलीला लिहायला बसवा, आणि भिया, तिसरं रीडिंग तेवढं विसरू नका. तिन्ही आकडे, सहा सेलचं हायड्रोमीटर आणि क्लॅम्पवरचे मिलिव्होल्ट इथे टाका, मग तुमच्या बॅटरीबद्दल नक्की काय ते सांगतो.